फेसाळलेले पाणी आणि अर्धकच्चा राजमा

आमच्या आजोळच्या स्वयंपाकघरात राजमा नव्हता. मटकी होती, मूग होते, कडवे वाल होते, काळे वाटाणे आणि हरभरे होते. परंतु तो मूत्रपिंडाच्या आकाराचा, गर्द तांबडा, चकचकीत दाणा आम्ही प्रथम पाहिला तो इंदूरला आल्यावर, सियागंजातील एका दुकानाच्या दारात उघड्या पोत्यात. फाळणीनंतर या शहरात स्थायिक झालेल्या पंजाबी कुटुंबांच्या शेजाराने तो आमच्या घरांत आला, आणि आता रविवारच्या दुपारी राजमा-भात किंवा छोले झाले नाहीत तर मुलांना रविवार झाल्यासारखाच वाटत नाही. पाहुणा म्हणून आलेला हा पदार्थ घरचा झाला. मात्र पाहुण्याचे काही रीतिरिवाज असतात, ते शिकून घ्यायचे मात्र आमच्या पिढीकडून थोडे राहूनच गेले.

याचे कारण असे, की कडधान्य म्हटले की आपल्या हाताला एक जुनी सवय आहे. रात्री भिजत घालावे, सकाळी उपसावे, फडक्यात बांधून ठेवावे, मोड आले की उसळ करावी. मोडाची मटकी कच्ची खाल्ली तरी चालते, मोडाचे मूग तर मुलांना मुद्दाम लिंबू पिळून कच्चेच देतात. या सवयीच्या भरात राजम्यालाही आपण मटकीचाच भाऊ समजतो. तो तसा नाही. वास्तविक तो आपल्या श्रावणघेवड्याचा सख्खा नातलग आहे; किंबहुना वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकच. कोवळी शेंग खुडली तर श्रावणघेवडा, आणि शेंग वाळवून दाणे काढले तर राजमा. साताऱ्याकडे कोरेगावच्या भागात जो वाघ्या घेवडा पिकतो, तोही याच कुळातला. म्हणजे नाव पंजाबी असले तरी दाणा महाराष्ट्राला अगदीच परका नव्हे. परंतु या दाण्यात कच्चेपणी एक विष असते, आणि त्याची दखल मटकीच्या पंक्तीत बसवल्याने घेतली जात नाही.

या विषयावर लिहावे असे वाटले, ते दोन प्रश्न वारंवार कानांवर येतात म्हणून. पहिला उन्हाळ्यातला. “रात्री भिजत घातलेल्या छोल्यांवर सकाळी फेस आलाय, जरा आंबूस वास येतोय, धुऊन शिजवले तर चालतील का?” दुसरा बारा महिन्यांचा. “राजमा जरासा कणीदार राहिलाय, तसाच वाढला तर काय बिघडले?” हे दोन्ही प्रश्न एकाच भांड्यातून निघतात, म्हणून बहुतेक घरी दोघांना उत्तरही एकच मिळते. “उकळले की सगळे मरते.” आमच्या मते सारी गफलत या एका वाक्यात आहे. भिजवलेल्या कडधान्यापासून दोन प्रकारची विषबाधा संभवते. एक दाण्याच्या अंगचे विष, दुसरे बाहेरून आलेल्या जंतूंनी तयार केलेले. पहिले कडकडीत उकळीने नाहीसे होते. दुसरे एकदा तयार झाले की उकळीला दाद देत नाही. त्यामुळे प्रत्येकाची राखण निरनिराळ्या वेळी करावी लागते. एकाची शिजवताना, दुसऱ्याची भिजवताना.

प्रथम भिजवण्याचे पाहू.

आमच्या माळव्यात रात्री थंड असतात अशी जुनी ख्याती आहे. पण मे महिन्यातल्या रात्रींना ती लागू करण्यात अर्थ नाही. दिवसभर तापलेल्या भिंतींच्या स्वयंपाकघरात मध्यरात्रीही पारा 30 अंशांच्या आसपास घोटाळतो. अशा उबेत दाणा लवकर भिजतो हे खरे. हिवाळ्यात ज्याला 10 ते 12 तास लागतात, तेच काम 6 ते 7 तासांत उरकते. परंतु दाण्याबरोबर जंतूंचेही काम उरकते. बाजारातून आणलेल्या प्रत्येक दाण्यावर शेतातली माती आणि तिच्यातले जंतू असतात. कोरडेपणी ते निद्रिस्त असतात. पाणी मिळाले, ऊब मिळाली, आणि दाण्यातून सुटलेली साखर मिळाली, की ते जागे होतात. असे समजा, की त्यांची संख्या दर अर्ध्या तासाला दुप्पट होते. मग सहा तासांनी उपसायचे छोले बारा तास राहिले, तर जंतू दुप्पट झाले असे नव्हे. पुढच्या सहा तासांत ते चार हजार पटींवर गेले. रात्री नऊला भिजत घालून सकाळी नऊला पाहण्याची आपली रीत हिवाळ्याची आहे, ती मे महिन्यात तशीच चालवली की फेस हमखास येतो.

आता फेस दिसला की घाबरून जावे असेही नाही, कारण फेस दोन तऱ्हांचा असतो. छोल्यांत आणि राजम्यात साबणासारखे गुण असलेली काही द्रव्ये असतात. रिठ्याला फेस येतो तो ज्या जातीच्या द्रव्याने, त्याच जातीची. ती पाण्यात उतरतात, शिवाय थोडी प्रथिनेही उतरतात. म्हणून पाणी ओतताना किंवा दाणे हाताने ढवळताना पांढरे मोठे बुडबुडे येतात आणि थोड्या वेळाने बसून जातात. या फेसाला वास नसतो. असलाच तर कच्च्या दाण्याचा हिरवट वास. हा फेस निरुपद्रवी. दुसरा फेस मात्र कोणी हात न लावता येतो. भांडे स्थिर असते, आणि तळातून बारीक बुडबुडे एकामागून एक वर चढत असतात. कडेला त्यांची साय धरल्यासारखी कडी बसते. पाणी गढूळ आणि किंचित चिकट होते. हा वायू आंबण्याच्या क्रियेतून निघतो. दाण्यांतील साखरेवर जंतूंचे जेवण सुरू झाल्याची ती खूण आहे.

दोहोंतला फरक ओळखायला आमच्याकडे एक साधी रीत आहे. सगळे पाणी ओतून द्यावे. दाणे तीन पाण्यांनी चोळून धुवावेत. नंतर ताज्या पाण्यात घालून भांडे पाव तास अगदी न हलवता ठेवावे. पाणी स्वच्छ राहिले, बुडबुडे आले नाहीत, दाणा बोटांत घेतला असता खरखरीत-स्वच्छ लागला आणि नाकाशी नेला असता हिरवट वासापलीकडे काही जाणवले नाही, तर तो फेस पहिल्या जातीचा होता, खुशाल शिजवावे. परंतु तीन पाणी देऊनही आंबूस वास दाण्यालाच चिकटून असेल, बुळबुळीतपणा बोटांना लागत असेल, किंवा पाव तासात पुन्हा बुडबुडे चढू लागले, तर ते कडधान्य टाकून द्यावे. छोले असोत की राजमा.

“टाकून द्यावे” हे शब्द लिहिताना हात अडखळतो, हे आम्हांस ठाऊक आहे. आमच्या सासूबाई भाताचे शीतही वाया जाऊ देत नसत. अन्न हे पूर्णब्रह्म, ही नुसती म्हण नव्हती. तीन भावांच्या एकत्र कुटुंबात महिनाअखेरीला डब्यांचे तळ दिसू लागत, तेव्हा त्या म्हणीला हिशेबाचा आधार असे. अर्धा किलो भिजलेले काबुली छोले म्हणजे घरातल्या आठ माणसांची एक वेळ. ते मोरीत ओतायचे म्हणजे अपराधच. म्हणूनच त्यांचा सवाल सरळ असे. “इडलीचे पीठ आंबवतोच ना? ढोकळा आंबवतोच ना? मग छोले आंबले तर काय झाले?” हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे.

उत्तर असे. इडलीच्या पिठात जे जंतू वाढतात ते बहुतांशी दुधाचे दही करणाऱ्या जातीचे असतात. ते पिठाला भराभर आंबट करतात आणि त्या आंबटपणात इतर जंतूंचा निभाव लागत नाही. पीठ दाट असते, मीठ असते, आणि आंबवण्याची वेळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठरलेली असते. भरपूर पाण्यात सुटे तरंगणाऱ्या छोल्यांत तशी शिस्त नसते. तिथे कोण आधी येऊन बसला आणि कोणी जम बसवला, हे नाकाला कळत नाही. मातीत राहणारे काही जंतू असे आहेत, की ते अन्नात वाढताना ओकारी आणणारे विष मागे ठेवतात. त्यांपैकी बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे विष तर 121 अंशांवर, म्हणजे प्रेशर कुकरच्या तापमानात, दीड तास ठेवले तरी टिकून राहते असे प्रयोगांत दिसले आहे. कुकरच्या शिट्ट्यांनी जंतू मरतील. त्यांनी मागे ठेवलेली पुंजी मरणार नाही. प्रत्येक आंबूस भांड्यात हे विष असतेच असे नव्हे. बहुधा नसतेही. परंतु आहे की नाही हे घरी कळण्याचा उपाय नाही, आणि असले तर घालवण्याचाही उपाय नाही. जिथे उपाय दोन्हीकडून बंद होतात, तिथे टाकणे हाच काटकसरीचा मार्ग ठरतो. डॉक्टरची फी अर्धा किलो छोल्यांहून महाग असते. सासूबाईंना हा हिशेब पटला होता. त्यांचे म्हणणे एवढेच, की मग आंबूच कशाला द्यायचे?

आणि तेच खरे आहे. उन्हाळ्यात कडधान्य टाकण्याची वेळ येऊ नये म्हणून फार काही करावे लागत नाही. आम्ही मार्च ते ऑक्टोबर या महिन्यांत पुढील क्रम पाळतो. कोरडे दाणे आधी दोन-तीन पाण्यांनी चोळून धुतो, म्हणजे मातीचा बराचसा भाग पहिल्याच पाण्याबरोबर जातो. दोन वाट्या दाण्यांना सहा वाट्या पाणी घेतो. सकाळच्या स्वयंपाकासाठी हवे असतील तर रात्री निजताना भिजत घालून भांडे सरळ फ्रिजमध्ये ठेवतो. तिथे दाणा सावकाश भिजतो, पण रात्रभराचे 8-10 तास मिळाल्याने पुरेसा भिजतो आणि आंबत नाही. फ्रिजमध्ये जागा नसेल तर रात्री न भिजवता सकाळी लवकर उठून भिजवतो व दुपारी, एकदा पाणी बदलून, शिजवतो. अगदीच घाई असली, तर धुतलेले दाणे भरपूर पाण्यात दोन-तीन मिनिटे खळखळून उकळायचे, गॅस बंद करून झाकण घालायचे आणि तासभर तसेच ठेवायचे. रात्रभर भिजल्याइतके फुगतात. मात्र ही भिजवण्याची रीत आहे, शिजवण्याची नव्हे, याचे विस्मरण होऊ नये. कोणत्याही रीतीने भिजवले तरी ते पाणी ओतून द्यायचे. झाडांना घातले तर झाडांची तक्रार नसते.

आंबूस पाण्याचा आणखी एक तोटा आहे, तो सहसा लक्षात येत नाही. आंबटाने कडधान्य कडक राहते. राजम्याच्या दाण्यातील पेशी एकमेकींना ज्या द्रव्याने चिकटलेल्या असतात, ते द्रव्य आंबटात विरघळायला तयार नसते. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच घातला की उसळ शिजता शिजत नाही, हा अनुभव प्रत्येक गृहिणीचा आहे. त्याचे कारण हेच. म्हणजे भिजवण्यात झालेली हयगय शिजवण्यातही आडवी येते, आणि राजम्याच्या बाबतीत शिजवण्यातली कसर हीच मोठी जोखीम आहे. येथून आपण त्या दुसऱ्या विषाकडे येतो.

कच्च्या राजम्यात लेक्टिन जातीचे एक प्रथिन असते. शास्त्रज्ञांनी त्याला फायटोहिमॅग्लुटिनिन असे जडजंबाल नाव दिले आहे, त्याचा अर्थ एवढाच की रक्तातल्या तांबड्या पेशींना गोळा करून त्यांच्या गुठळ्या करणारे, वनस्पतीत सापडणारे द्रव्य. पोटात गेल्यावर ते आतड्याच्या अस्तराला चिकटते व तिथे दाह उत्पन्न करते. हे द्रव्य थोडेफार अनेक द्विदल धान्यांत असते; परंतु तांबड्या राजम्यात सर्वांत जास्त. पांढऱ्या राजम्यात त्याच्या सुमारे एक तृतीयांश. छोल्यांत मात्र ते इतके कमी, की छोले जरा कच्चट राहिले तर पोट फुगेल, गुबारा धरेल, याहून अधिक भीती नाही. म्हणून छोल्यांचा धोका मुख्यतः भिजवण्यात, आणि राजम्याचा भिजवण्यात व शिजवण्यात दोन्हीकडे. कच्च्या तांबड्या राजम्यात या द्रव्याची मात्रा 20,000 ते 70,000 एकक असते, आणि पूर्ण शिजलेल्यात 200 ते 400 एकक, असे अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने नमूद केले आहे. चार-पाच कच्चे दाणेही माणसाला आजारी पाडण्यास पुरतात. नुसते भिजवून किंवा मोड आणून ते जात नाही. तेव्हा मटकीप्रमाणे मोडाचा राजमा कोशिंबिरीत घालण्याचा मोह कोणीही करू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत फसवा मुद्दा. हे द्रव्य उष्णतेने नाहीसे होते, पण कोमट उष्णतेने नव्हे. नीट भिजलेला राजमा 100 अंशांवर, म्हणजे खळखळत्या उकळीत, 10 मिनिटे राहिला तर ते नष्ट होते. वरील खाते खबरदारी म्हणून अर्धा तास सांगते. परंतु 80 अंशांच्या आसपास तो कितीही तास ठेवला तरी ते जात नाही. उलट अशा राजम्याचा विषारीपणा कच्च्याच्या पाचपटींपर्यंत वाढू शकतो, असे तेच खाते बजावते. गंमत अशी, की त्या मंद उष्णतेतही दाणा हळूहळू मऊ होतो. म्हणजे बोटाने दाबून मऊ लागला एवढ्यावरून राजमा निर्धोक झाला असे म्हणता येत नाही. मऊपणा ही चवीची खूण आहे. विष गेल्याची खूण एकच. भांड्यातले पाणी डोळ्यांदेखत खळखळून उकळलेले असणे.

हे पुस्तकी ज्ञान आमच्या दृष्टीसमोर उभे राहिले, ते आमच्याच आळीतल्या एका प्रसंगाने. शेजारचे आप्पा निवृत्तीनंतर काटकसरीचे आणि विज्ञानाचे दोन्हींचे भक्त झाले होते. त्यांच्या गच्चीवर पेटीची सौर चूल होती. वर काच, आत काळे डबे, झाकणाला आरसा. वरण-भात तीत रोज होई, आणि उत्तम होई. फेब्रुवारी महिन्यात त्यांची पुण्याची भाची मुलांसह आली, तेव्हा काकूंनी रात्री अर्धा किलो राजमा भिजत घातला. सकाळी तो चार डब्यांत भरून दहा वाजता पेटीत गेला. त्या दिवशी आभाळ धड मोकळे नव्हते. ऊन येई, जाई. दीड वाजता डबे उघडले. दाणे फुगलेले होते, काहींची साले फुटली होती, चमच्याने दाबले की दबत होते. काकूंना तो किंचित कणीदार वाटला, पण मुले भुकेली होती. कांदा-टोमॅटोची फोडणी वरून घातली, ढवळले, आणि पाने वाढली.

दोनला जेवणे झाली. साडेतीनच्या सुमारास भाचीला मळमळू लागले, आणि पाठोपाठ दोन्ही मुलांना उलट्या सुरू झाल्या. चारनंतर आप्पाही अंथरुणाला खिळले. ताप कोणालाच नव्हता. काकूंचा उपास होता. त्यांनी साबुदाणा आणि दही खाल्ले होते, त्या ठणठणीत. आळीत तर्कांना ऊत आला. कोणी दह्याला नावे ठेवली, कोणी प्रवासातल्या पाण्याला, कोणी उन्हाला. डॉक्टर आले. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. कोणी काय खाल्ले, आणि पहिली उलटी किती वाजता झाली. दही ज्यांनी खाल्ले त्यांना काही नाही. राजमा ज्यांनी खाल्ला ते चौघेही आडवे. आणि मधले अंतर दीड तासाचे. मग त्यांनी उरलेला डबा मागवला. दाणा नखाने उभा चिरला. वरचा भाग मऊ, पण मध्यभागी खडूसारखा पांढरट गर. “हा उकळला होता का?” असे त्यांनी विचारले, तेव्हा काकू गप्प राहिल्या. काचेच्या पेटीतले पाणी उकळताना कोणी पाहिलेलेच नसते.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की केवळ लक्षणांवरून खात्री देता येत नाही. नासलेल्या अन्नातील काही विषांचीही सुरुवात अशीच एक ते सहा तासांत होते. परंतु तो राजमा आंबलेला नव्हता, हिवाळी रात्रीत भिजला होता, आणि अर्धवट शिजलेला समोर दिसत होता. तेव्हा संशयाचे बोट कोणाकडे वळवायचे हे उघड होते. या विषावर उतारा असे औषध नाही. अंगातले पाणी आणि क्षार भरून काढायचे, एवढाच उपचार. मीठ-साखरेची जलसंजीवनी घोटघोट चालू ठेवली. उलट्यांनंतर थोडे जुलाब झाले, पोटात मुरडा आला. रात्री आठपर्यंत सारे शांत होऊन निजले. बहुधा असेच होते. खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत सुरुवात, आणि सुरुवातीपासून तीन-चार तासांत उतार. परंतु लहान मूल, वृद्ध किंवा गर्भवती असेल, पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, उलटीत वा शौचात रक्त दिसले, किंवा ताप चढला, तर घरी वाट पाहू नये, रुग्णालय गाठावे.

आप्पांची सौर चूल यात अपराधी नव्हती. तुरीच्या वरणाला ती आजही योग्य आहे. तुरीच्या डाळीत हे संकट नाही. चूक होती ती साधन आणि दाणा यांची जोडी जमवण्यात. हीच जोडी परदेशात निराळ्या रूपाने जमते. विजेवर रात्रभर मंद शिजवणारी भांडी तिकडे घरोघर असतात, आणि आपल्या मुली-सुना नोकरीवर जाताना त्यांत राजमा टाकून जातात. ब्रिटनमध्ये 1976 ते 1979 या काळात कच्च्या वा अर्धकच्च्या तांबड्या राजम्यामुळे विषबाधेचे सात प्रसंग घडल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. कारण दाणे कच्चेच खाल्ले गेले होते, वा पुरते शिजलेले नव्हते. जपानमध्ये 2006 साली वजन घटवण्यासाठी दूरचित्रवाणीवर एक कृती दाखवली गेली. पांढरा राजमा तीनेक मिनिटे भाजून, दळून, भातावर भुरभुरायचा. ती पाहून करणारे शेकडो लोक आजारी पडले. पांढऱ्यात विष कमी असते खरे. पण तीन मिनिटांच्या कोरड्या भाजण्याने तेही जात नाही, हे त्यावरून दिसले. राजम्याचे पीठ घरी दळून थालीपिठात घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता आम्ही राजमा कसा करतो ते सांगून टाकतो. पाव किलो राजमा निवडून, धुऊन, भिजवून घ्यावा. सकाळी पाणी ओतून दाणे पाहावेत. सगळे फुगून गुळगुळीत झालेले असावेत. ज्यांच्यावर सुरकुत्या तशाच आहेत किंवा जे खड्यासारखे टणक राहिले आहेत, ते गणंग दाणे वेचून काढावेत; त्यांच्या पोटात पाणी शिरलेले नसते, म्हणून उकळीही नीट पोचत नाही. असे दाणे फार निघाले तर माल जुना आहे असे समजावे आणि पुढच्या वेळी दुकान बदलावे. मग दाणे कुकरमध्ये थेट घालून, ताजे पाणी दाण्यांवर दोन बोटे येईल इतके ओतावे. कुकर अर्ध्याहून अधिक भरू नये, कारण शिजताना पुन्हा फेस येतो आणि शिट्टीची वाट बुजवतो. झाकण लावण्यापूर्वी उघड्या कुकरला चांगली उकळी आणून वरचा फेस पळीने काढून टाकावा. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून 15 ते 20 मिनिटे ठेवावा, आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. कुकरमध्ये तापमान 100 अंशांच्या वर जात असल्याने या रीतीत विषाची चिंता उरत नाही.

उघड्या पातेल्यात करायचा असेल, पंक्तीसाठी बहुधा तसाच करावा लागतो, तर पहिला अर्धा तास आच मोठी ठेवून पातेले खळखळत ठेवावे आणि घड्याळ उकळी आल्यापासून लावावे, चुलीवर चढवल्यापासून नव्हे. मोठ्या पातेल्यात कडेला बुडबुडे दिसतात आणि मध्यभाग थंडच असतो, म्हणून तळापासून ढवळून सर्वत्र उकळी आल्यावरच मोजणी सुरू करावी. त्यानंतर आच कमी करून मऊ होईपर्यंत कितीही वेळ शिजवावा. सौर चूल किंवा विजेचे मंद भांडे वापरायचेच असेल, तर आधी हा अर्धा तास गॅसवर पार पाडून मग त्यात ठेवावा. टोमॅटो, चिंच, आमसूल हे सारे दाणा शिजल्यानंतर. आमच्याकडे कूपनलिकेचे पाणी जड असल्याने दाणा शिजायला कुरकुरतो. तेव्हा भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घालतो आणि ते पाणी ओतून देतो. आणि वाढण्यापूर्वी चव पाहायची ती रश्शाची पाहावी. पहिली उकळी पुरी होण्याआधी “शिजला का” म्हणून दाणा तोंडात टाकू नये. त्यासाठी चमच्याने दाबून पाहणे पुरे.

आमच्या धाकट्या सुनेने या साऱ्याचे दोन ओळींत सार काढून फ्रिजच्या दारावर चिकटवले आहे. आंबला तर शिजवू नये, आणि उकळला नाही तर वाढू नये. ओळींचा क्रमही तिने विचारपूर्वक ठेवला आहे. कारण पहिली ओळ मोडली तर दुसरी पाळून उपयोग होत नाही.